समलंब चौकोनाचा गुरुत्वमध्य: एक कर्ण, दोन त्रिकोण आणि तीन मीटरची दगडी भिंत

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, उतारावर घर, गोठा किंवा रस्ता करायचा म्हटलं की आधी माती अडवणारी भिंत बांधावी लागते. दगडी संरक्षक भिंतीचा उभा छेद घेतला तर तो बहुतेक वेळा समलंब चौकोन असतो. तळाला रुंद, माथ्याला अरुंद, आणि मातीकडची बाजू सरळ ओळंब्यात. अशी भिंत उलटणार की नाही हे तपासायचं तर तिचं वजन नेमकं कुठल्या रेषेतून खाली जातं ते कळायला हवं. ती रेषा छेदाच्या गुरुत्वमध्यातून जाते. वर्गात यालाच सेंट्रॉइड म्हणतात.

सूत्र पाठ असणारे पुष्कळ असतात. पण त्यातला a म्हणजे वरची बाजू की खालची, आणि उत्तर कुठल्या बाजूपासून मोजायचं, इथे गाडी अडते. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून बेळगाव किंवा निपाणीत डिप्लोमाला गेलेल्या मुलांच्या हातात सूत्र येतं ते तयार, इंग्रजी चिन्हांसकट. म्हणून इथे सूत्र आधी न देता ते तयार करू. कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण पाडायचे, एवढीच युक्ती आहे. ती हातात बसली की सूत्र विसरलं तरी दोन मिनिटांत उत्तर निघतं, आणि कुठून मोजायचं हा प्रश्नच उरत नाही.

आपला छेद

भिंतीची उंची ३ मीटर, तळाची रुंदी १.८ मीटर, माथ्याची रुंदी ०.६ मीटर. मागची म्हणजे मातीकडची बाजू उभी, समोरची बाजू उतरती. कोपऱ्यांना नावं देऊ. मागचा खालचा कोपरा क, समोरचा खालचा ख, समोरचा वरचा ग आणि मागचा वरचा घ. म्हणजे कख हा तळ, घग हा माथा, आणि या दोन बाजू समांतर. कागदावर १:२० या प्रमाणात काढलात तर तळ ९० मिमी, माथा ३० मिमी आणि उंची १५० मिमी येते. वहीच्या पानात नीट बसतं. पुढे वाचताना ही आकृती समोर असू द्या.

सामान्य सूत्रासाठी तळ a, माथा b आणि उंची h म्हणू. उंची म्हणजे दोन समांतर बाजूंमधलं लंब अंतर. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की जागेवर टेप बहुतेक वेळा समोरच्या उतरत्या तोंडावर टेकवून लावला जातो. आपल्या भिंतीचं ते तोंड ३.२३ मीटर भरतं. तोच आकडा उंची म्हणून धरला तर क्षेत्रफळ आणि वजन जवळपास ८ टक्क्यांनी जास्त येतं, गुरुत्वमध्यही सुमारे १० सेंमी वर सरकतो, आणि भिंत आहे त्यापेक्षा जड समजली जाते. उंची मागच्या उभ्या बाजूवर मोजा. मागे माती भरून झाली असेल तर माथ्यापासून समोर आडवी पट्टी लेव्हलमध्ये धरून ओळंबा सोडा आणि पट्टीपासून तळाच्या पातळीपर्यंतचं अंतर घ्या.

त्रिकोणाचा गुरुत्वमध्य आधी

त्रिकोणाचे पायाला समांतर असे बारीक पट्टे कापले आहेत असं समजा. प्रत्येक पट्ट्याचा तोल त्याच्या मध्यावर. हे सगळे मध्य एकाच सरळ रेषेवर येतात, आणि ती रेषा म्हणजे शिरोबिंदूपासून पायाच्या मध्यापर्यंतची मध्यगा. म्हणजे अख्ख्या त्रिकोणाचा गुरुत्वमध्य त्या मध्यगेवरच कुठेतरी असणार. पाया म्हणून कुठलीही बाजू घेता येते, त्यामुळे तो तिन्ही मध्यगांवर असला पाहिजे. तिन्ही जिथे मिळतात तो बिंदू मध्यगेला शिरोबिंदूकडून २:१ असा विभागतो, हे शाळेत झालेलं असतं. मध्यगेचा खालचा हिस्सा एक तृतीयांश, म्हणून गुरुत्वमध्याची पायापासूनची उंचीही त्रिकोणाच्या उंचीच्या एक तृतीयांश.

त्रिकोण कितीही कलता असो, ही उंची बदलत नाही. आपल्याला लागणारी मुख्य गोष्ट हीच आहे. शिवाय कोपऱ्यांची अंतरं माहीत असतील तर तिन्ही कोपऱ्यांच्या अंतरांची सरासरी काढली की गुरुत्वमध्याचं अंतर मिळतं. ही सरासरी फक्त त्रिकोणाला चालते, चौकोनाला नाही. त्याकडे पुढे येऊ.

कर्ण काढा

आता ख आणि घ जोडा. समलंब चौकोनाचे दोन त्रिकोण झाले.

पहिला कखघ. त्याचा पाया तळाची बाजू a, शिरोबिंदू माथ्यावर. उंची h. क्षेत्रफळ ah ÷ २. त्याचा गुरुत्वमध्य तळापासून h ÷ ३ वर.

दुसरा खगघ. याचा पाया माथ्याची बाजू b, म्हणजे हा त्रिकोण उलटा आहे आणि त्याचा शिरोबिंदू ख खाली तळावर आहे. क्षेत्रफळ bh ÷ २. गुरुत्वमध्य त्याच्या पायापासून, म्हणजे माथ्यापासून, h ÷ ३ खाली. तळापासून मोजलं तर २h ÷ ३ वर.

दुसऱ्या त्रिकोणाची उंचीही पूर्ण h आहे, हे बऱ्याच जणांना पटकन पटत नाही. आकृतीत तो बारीक आणि कललेला दिसतो, आणि ख पासून सरळ वर लंब टाकला तर तो माथ्याच्या बाजूवर पडतच नाही, तिच्या पुढे बाहेर पडतो. तरी उंची म्हणजे शिरोबिंदूचं पायाच्या रेषेपासूनचं लंब अंतर. ख तळावर आहे, पाया माथ्याच्या रेषेत आहे, आणि त्या दोन रेषांमधलं अंतर सगळीकडे h. म्हणून कर्णाची निवड सोयीची. दोन्ही त्रिकोणांना एकच उंची मिळते आणि तोंडाचा उतार किती आहे ते विचारावं लागत नाही.

आता मोमेंट घेऊ. मोमेंट म्हणजे इथे क्षेत्रफळ गुणिले तळापासूनचं अंतर. अख्ख्या छेदाचं मोमेंट हे त्याच्या तुकड्यांच्या मोमेंटच्या बेरजेइतकं असतं. छेदाच्या गुरुत्वमध्याची तळापासूनची उंची y धरली तर

(a + b)h ÷ २ × y = (ah ÷ २) × (h ÷ ३) + (bh ÷ २) × (२h ÷ ३)

उजवीकडची बेरीज h²(a + २b) ÷ ६ होते. दोन्ही बाजूंना (a + b)h ÷ २ ने भागा:

y = h(a + २b) ÷ ३(a + b)

इथे a ही ती बाजू, जिच्यापासून आपण मोजतो आहोत. b ही समोरची. दुपटीचा २ समोरच्या बाजूला लागतो, कारण तिच्यावर उभा असलेला त्रिकोण आपल्यापासून दुप्पट अंतरावर आहे. २ कुठून आला हे एकदा डोळ्यासमोर आलं की a आणि b ची अदलाबदल होत नाही. माथ्यापासून मोजायचं असेल तर माथा a होतो आणि तळ b होतो, सूत्र तेच राहतं. याच कर्णाच्या आधाराने आर्किमिडीजने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी समलंब चौकोनाचा गुरुत्वमध्य सिद्ध केला होता.

आपल्या भिंतीचे आकडे

सूत्रात आकडे न टाकता दोन त्रिकोणांनीच करू. पहिल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ १.८ × ३ ÷ २ = २.७ चौरस मीटर, गुरुत्वमध्य १.० मीटरवर, मोमेंट २.७. दुसऱ्याचं क्षेत्रफळ ०.६ × ३ ÷ २ = ०.९ चौरस मीटर, गुरुत्वमध्य २.० मीटरवर, मोमेंट १.८. एकूण मोमेंट ४.५, एकूण क्षेत्रफळ ३.६. भागाकार १.२५ मीटर.

उत्तर बरोबर आहे का हे पाहायला एक भक्कम कसोटी आहे. माथा अरुंद करत करत शून्यावर आणला तर छेद त्रिकोण होतो आणि y = h ÷ ३. माथा वाढवत तळाइतका केला तर आयत होतो आणि y = h ÷ २. प्रत्येक समलंब चौकोन या दोहोंच्या मध्ये बसतो. म्हणून मोठ्या समांतर बाजूपासून मोजलेलं उत्तर नेहमी उंचीच्या एक तृतीयांश आणि अर्ध्याच्या मधेच आलं पाहिजे. आपल्या भिंतीला ते १.० आणि १.५ मीटरच्या मध्ये हवं, आणि १.२५ बसतं. कुणी a, b उलटे घातले तर १.७५ येतं आणि चूक लगेच उघडी पडते.

याच कसोटीच्या काठावर दोन चुका सापडतात. दोन त्रिकोणांचे गुरुत्वमध्य १.० आणि २.० वर आहेत म्हणून सरळ सरासरी १.५ काढणं ही एक. तळाच्या त्रिकोणात माथ्याच्या त्रिकोणापेक्षा तिप्पट क्षेत्र आहे, त्याचं वजन सरासरीत तिप्पट धरायला हवं. दुसरी चूक म्हणजे चारही कोपऱ्यांची सरासरी. तीही इथे १.५ देते, कारण कोपरे दोन खाली आणि दोन वर आहेत, मग रुंदी काहीही असो. उत्तर बरोबर अर्ध्या उंचीवर आलं आणि छेद आयत नसेल तर या दोन्हींपैकी एक झालेलं असतं.

आडवी जागा

भिंत उलटण्याच्या हिशोबात उभ्या उंचीपेक्षा आडवं अंतर महत्त्वाचं, कारण वजन उभं खाली जातं. ते सूत्रात नाही. तिथेही तेच दोन त्रिकोण वापरायचे, फक्त अंतर मागच्या उभ्या बाजूपासून मोजायचं.

कखघ या त्रिकोणाचे कोपरे मागच्या बाजूपासून ०, १.८ आणि ० मीटरवर. सरासरी ०.६. खगघ चे कोपरे १.८, ०.६ आणि ० वर. सरासरी ०.८. आता २.७ × ०.६ = १.६२ आणि ०.९ × ०.८ = ०.७२. बेरीज २.३४, भागिले ३.६, उत्तर ०.६५ मीटर. म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या बाजूपासून ६५ सेंमीवर आणि समोरच्या तळकोपऱ्यापासून १.१५ मीटरवर.

पडताळा घ्यायचा तर दुसरा कर्ण, क आणि ग जोडणारा, काढून पाहा. मोठ्या त्रिकोणाचं अंतर ०.८ येतं, लहानाचं ०.२. २.७ × ०.८ आणि ०.९ × ०.२ यांची बेरीज पुन्हा २.३४. कर्ण कुठलाही काढा, उत्तर तेच.

आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. समलंब चौकोनालाही तळाला समांतर पट्टे कापता येतात, आणि प्रत्येक पट्ट्याचा मध्य तळाचा मध्य आणि माथ्याचा मध्य जोडणाऱ्या रेषेवर येतो. म्हणून गुरुत्वमध्य त्या रेषेवर असलाच पाहिजे. आपल्याकडे तळाचा मध्य ०.९ वर, माथ्याचा ०.३ वर. तीन मीटर चढताना रेषा ०.६ मीटर मागे सरकते, तर १.२५ मीटर चढताना ०.२५ मागे. ०.९ मधून ०.२५ गेले, ०.६५ राहिले. दोन्ही तोंडं उतरती असलेल्या भिंतीला ही रीत सगळ्यात सोपी.

आकडेमोड न करता कागदावर

याच मध्यरेषेवरून आकृती काढूनही बिंदू सापडतो. तळाची रेषा ख च्या पुढे माथ्याच्या लांबीइतकी वाढवा. माथ्याची रेषा उलट दिशेला, घ च्या मागे, तळाच्या लांबीइतकी वाढवा. वाढवलेली दोन टोकं जोडा. ही रेषा मध्यरेषेला जिथे छेदते तिथे गुरुत्वमध्य. मध्यरेषेवर जे दोन सरूप त्रिकोण होतात त्यांच्या बाजू a ÷ २ + b आणि b ÷ २ + a, म्हणून मध्यरेषेचे भाग (a + २b) आणि (२a + b) या प्रमाणात पडतात. सूत्रातलं प्रमाण तेच.

१:२० च्या आकृतीत तळ ३० मिमी उजवीकडे आणि माथा ९० मिमी डावीकडे वाढवायचा. छेदनबिंदू तळापासून ६२.५ मिमी आणि मागच्या बाजूपासून ३२.५ मिमी यायला हवा. एका मिलिमीटरचा फरक म्हणजे जागेवर २ सेंमी, म्हणून पेन्सिलला बारीक टोक करा. दोन्ही रेषा एकाच दिशेला वाढवणं ही इथली नेहमीची चूक. तसं केलं की छेदनबिंदू बरोबर जागी येत नाही, बऱ्याचदा छेदाच्या बाहेरच जातो.

हाताने तपासायचं असेल तर तीच आकृती जाड पुठ्ठ्यातून कापा. कोपऱ्यांजवळ दोन बारीक भोकं पाडा. एका भोकातून टाचणी घालून पुठ्ठा भिंतीवर मोकळा लटकवा, टाचणीलाच दोरा आणि खाली नट बांधून ओळंबा करा, आणि दोरा जिथून जातो तिथे रेघ ओढा. दुसऱ्या भोकाने तेच करा. दोन रेघा जिथे कापतात तो बिंदू. भोक टाचणीपेक्षा सैल हवं, नाहीतर पुठ्ठा अडकून वाकडा राहतो आणि रेघ खोटी येते. पुठ्ठा ओलसर किंवा एका बाजूला चिकटपट्टी लावलेला नसावा.

भिंतीवर तोच आकार पुन्हा येतो

आता मातीचा दाब. मागे सुका मुरूम भरला आहे, त्याचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन आणि अंतर्गत घर्षणाचा कोन ३०° धरला. अशा मातीचा आडवा दाब उभ्या दाबाच्या एक तृतीयांश धरतात. तळाशी तो १८ × ३ ÷ ३ = १८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, माथ्याशी शून्य. दाबाची आकृती त्रिकोण होते.

पण भिंतीच्या वर शेतरस्ता असेल आणि त्यावरून उसाने भरलेली ट्रॉली जात असेल, तर वरचा भारही येतो. तो चौरस मीटरला १२ किलोन्यूटन धरला तर त्याचा एक तृतीयांश, म्हणजे ४, माथ्यापासून तळापर्यंत प्रत्येक ठिकाणी सारखाच मिळवला जातो. आता माथ्याशी दाब ४, तळाशी २२. दाबाची आकृतीही समलंब चौकोन झाली. फक्त इथे समांतर बाजू म्हणजे लांबी नसून दाब आहेत.

पुन्हा कर्ण. तळाचा त्रिकोण २२ × ३ ÷ २ = ३३, तो १.० मीटरवर. माथ्याचा ४ × ३ ÷ २ = ६, तो २.० मीटरवर. एक मीटर लांबीच्या भिंतीवर एकूण ढकल ३९ किलोन्यूटन, तळाभोवतीचं मोमेंट ३३ + १२ = ४५ किलोन्यूटन-मीटर. ढकल लागते ती ४५ ÷ ३९ = १.१५ मीटर उंचीवर.

इथली चूक महागात पडते. त्रिकोणाच्या सवयीने बरेच जण एकूण ३९ हा जोर h ÷ ३, म्हणजे १.० मीटरवरच लावतात आणि मोमेंट ३९ काढतात. खरं ४५ आहे. वरचा भार धरला खरा, पण त्यामुळे जोराची जागा वर सरकली हे सुटलं. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे, कारण भिंत आहे त्याहून सुरक्षित दिसते.

आता भिंतीचं वजन. काळ्या दगडाचं चुना-सिमेंटात केलेलं बांधकाम घनमीटरला २४ किलोन्यूटन धरलं तर एक मीटर लांबीचं वजन ३.६ × २४ = ८६.४ किलोन्यूटन, म्हणजे पावणेनऊ टनांच्या आसपास. ते समोरच्या तळकोपऱ्यापासून १.१५ मीटरवर खाली जातं. सावरणारं मोमेंट ९९.३६. उलटवणारं ४५. गुणोत्तर २.२, वरकरणी छान.

पण तेवढ्यावर थांबू नये. दगडी बांधकाम ताण सोसत नाही, म्हणून एकत्रित जोर तळाच्या मधल्या एक तृतीयांश भागातच पडला पाहिजे. समोरच्या कोपऱ्यापासून तो (९९.३६ − ४५) ÷ ८६.४ = ०.६३ मीटरवर पडतो. मधला तिसरा भाग ०.६ ते १.२ मीटर. म्हणजे भिंत जेमतेम ३ सेंमीने आत आहे. मघाचं चुकीचं ३९ धरलं असतं तर ०.७० आलं असतं आणि १० सेंमीचं समाधान मिळालं असतं. गुरुत्वमध्य नीट काढण्याचा फायदा या सात सेंमींत आहे.

तळाखालच्या जमिनीवरचा दाबही यातूनच कळतो. सरासरी ८६.४ ÷ १.८ = ४८, पण जोर मध्यापासून २७ सेंमी पुढे असल्याने समोरच्या कोपऱ्याखाली तो जवळपास ९१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर होतो आणि मागच्या कोपऱ्याखाली पाचाच्याही आत उतरतो. पाया समोरच्या बाजूला बसायला लागला की भिंत पुढे कलते. माथ्यापासून समोर आडवी पट्टी धरून ओळंबा सोडला आणि तळकोपऱ्याशी वेळोवेळी तुलना केली की हे कलणं लवकर दिसतं. भिंत घसरते का, हा हिशोब वेगळा आणि तो तळाच्या घर्षणावर अवलंबून. गुरुत्वमध्याने त्याचं उत्तर मिळत नाही.

हे आकडे कुठे लागू नाहीत

एक तृतीयांश हा दाबाचा गुणांक सुक्या, पाणी निचरणाऱ्या मुरमासाठी आहे. सौंदत्ती, बैलहोंगलकडच्या काळ्या मातीला तो लावू नये. ती पावसात फुगते आणि तिचा जोर या हिशोबात मावत नाही. भिंतीमागे तशी माती असेल तर निदान भिंतीलगत मुरूम आणि खडीचा पट्टा भरून घ्यावा, आणि आकडे जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

दुसरं, पाणी. घाटमाथ्याच्या पावसात भिंतीतली पाणी जायची भोकं बुजली आणि मागे पूर्ण उंचीचं पाणी साचलं, तर एकट्या पाण्याचाच जोर मीटर लांबीला सुमारे ४४ किलोन्यूटन होतो. आपण मातीचा आणि ट्रॉलीचा मिळून ३९ धरला होता. तीन सेंमीच्या आधारावर उभी असलेली भिंत त्यात टिकणार नाही. भोकं पावसाळ्याआधी सळईने मोकळी करा आणि पाऊस चालू असताना त्यांतून पाणी येतं का ते पाहा. वर चिखल आहे आणि भोकं कोरडी आहेत, तर ती बुजलेली आहेत.

तिसरं, दगड. खानापूर तालुक्यात पुष्कळ ठिकाणी भिंत जांभ्याची करतात, आणि जांभा काळ्या दगडापेक्षा हलका. बांधकाम घनमीटरला २० किलोन्यूटन धरलं तर त्याच मापाच्या भिंतीचं वजन ७२ होतं, सावरणारं मोमेंट ८२.८, आणि जोर समोरच्या कोपऱ्यापासून (८२.८ − ४५) ÷ ७२ = ०.५२५ मीटरवर पडतो. मधल्या तिसऱ्या भागाच्या बाहेर. छेदाचा गुरुत्वमध्य जिथे होता तिथेच आहे, तरी भिंत कमी पडते.

मग तळ २.० मीटर करून पाहू. मोठा त्रिकोण ३.०, त्याचं मागच्या बाजूपासून अंतर २.० ÷ ३ = ०.६६७. लहान ०.९, त्याचं अंतर (२.० + ०.६) ÷ ३ = ०.८६७. मोमेंटची बेरीज २.७८, क्षेत्रफळ ३.९, गुरुत्वमध्य ०.७१३ मीटरवर. समोरच्या कोपऱ्यापासून १.२८७. वजन ७८, सावरणारं मोमेंट १००.४, आणि जोर (१००.४ − ४५) ÷ ७८ = ०.७१ मीटरवर. मधला तिसरा भाग आता ०.६७ पासून सुरू होतो, म्हणजे जोर ४ सेंमीने आत आला. जांभ्याच्या भिंतीला इथे तळाशी २० सेंमी जास्त रुंदी द्यावी लागते, आणि ती समोरच्या बाजूला द्यायची, मागची बाजू ओळंब्यातच ठेवून.